विश्लेषण : घरी बसून शोधनिबंध का उघडत नाही? विद्यापीठाचे ‘व्हीपीएन’ नेमके काय करते?

देशातील सरकारी विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये आणि संशोधन संस्थांना जगभरातील सशुल्क नियतकालिके वाचता यावीत म्हणून केंद्र सरकार तीन वर्षांत सहा हजार कोटी रुपये खर्च करत आहे. तरीही रात्री घरी अभ्यासाला बसलेल्या निवासी डॉक्टरला एखाद्या लेखाच्या जागी पैसे मागणारे पान दिसते. तोच लेख सकाळी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विनासायास उघडतो. हा फरक का पडतो, तो भरून काढणारी व्हीपीएन ही सोय कशी चालते आणि ती का फसते, याचे हे विश्लेषण.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ किंवा ग्रंथालय-समूह प्रकाशकांशी वेगवेगळा करार करत असे. ज्याच्याकडे पैसा अधिक, त्याच्याकडे नियतकालिके अधिक, असा तो मामला होता. आता ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार नियतकालिकांसाठी देशपातळीवर एकच करार होतो. ‘लॅन्सेट’ प्रसिद्ध करणारी एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिज विद्यापीठांची प्रकाशनगृहे, ‘बीएमजे’ समूह यांचा त्यात समावेश आहे. सुमारे ६३०० सरकारी संस्था आणि त्यांतील एक कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांना त्याचा लाभ मिळावा, अशी रचना आहे. समन्वयाचे काम गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राकडे आहे. खासगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नाहीत.

यातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वर्गणी संस्थेच्या नावाने भरलेली असते, वाचकाच्या नावाने नाही. त्यामुळे समोर बसलेली व्यक्ती त्या संस्थेची आहे, हे प्रकाशकाला दर वेळी कळावे लागते. अडचण सुरू होते ती इथेच.

प्रकाशक वाचकाला ओळखतो कसा?

इंटरनेटवर कोणतेही पान मागवले की मागणीबरोबर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ताही जातो. महाविद्यालयाच्या आवारात शेकडो संगणक आणि मोबाइल असले, तरी ते सर्व बाहेरच्या जगाशी मोजक्या पत्त्यांवरूनच बोलतात. हे पत्ते सहसा बदलत नाहीत. ग्रंथालय ते प्रकाशकाकडे नोंदवून ठेवते. त्या पत्त्यावरून मागणी आली की प्रकाशकाचा संगणक नाव किंवा पासवर्ड न विचारता लेख दाखवतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी कोणाची ओळख विचारत नाही. पंगतीत बसला तो घरचा, असे धरून वाढतो. तसाच हा व्यवहार आहे.

पद्धत सोपी आहे. पण तिच्यामुळे अनेक विद्यार्थ्यांना आपण वाचत असलेला लेख सशुल्क आहे, हेच ठाऊक नसते. घरी गेल्यावर मागणी मोबाइल कंपनीच्या किंवा ब्रॉडबँडच्या पत्त्यावरून जाते. तो पत्ता प्रकाशकाच्या यादीत नसतो आणि मग त्याच लेखाचे तीस-चाळीस डॉलर मागितले जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वसतिगृहे रिकामी झाली, तेव्हा ही मर्यादा एकाच वेळी सर्वांना जाणवली. वर्गणी चालू होती, पण पंगतीत कोणी नव्हते.

मग व्हीपीएन काय करते?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. घरचा संगणक आणि महाविद्यालयाचा सर्व्हर यांच्यात ते कूटबद्ध मार्ग तयार करते. घरून निघालेली मागणी या मार्गाने आधी महाविद्यालयात पोहोचते आणि तिथून महाविद्यालयाचा पत्ता घेऊन प्रकाशकाकडे जाते. उत्तरही त्याच वाटेने परत येते. प्रकाशकाच्या दृष्टीने वाचक ग्रंथालयातच बसलेला असतो. महाविद्यालयाचा पत्ता घरच्या संगणकाला तात्पुरता उसना देणे, एवढेच विद्यापीठाच्या व्हीपीएनचे काम. त्यामुळे संस्थेने ज्याची वर्गणी भरलेली नाही, ते नियतकालिक व्हीपीएन लावूनही उघडत नाही.

बाजारात जाहिराती करून विकले जाणारे व्हीपीएन वेगळ्या कामासाठी असते. वाचक कुठला आहे हे लपवण्यासाठी लोक ते घेतात. विद्यापीठाचे व्हीपीएन वाचक कुठला आहे हे सिद्ध करण्यासाठी असते. विकतचे व्हीपीएन लावून प्रकाशकाच्या संकेतस्थळावर गेल्यास मागणी कुठल्या तरी परदेशी सर्व्हरच्या पत्त्यावरून जाते आणि लेख बंदच राहतो. कायद्याबद्दलचा संभ्रमही याच सरमिसळीतून येतो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा जो आदेश काढला, तो व्हीपीएनची सेवा विकणाऱ्या कंपन्यांसाठी होता. संस्थांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला तो लागू नाही, असे त्यानंतर स्पष्ट करण्यात आले.

प्रत्यक्षात ते कसे वापरायचे?

उदाहरणादाखल, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगशास्त्रात एमडी करणारी एक निवासी डॉक्टर सुट्टीत बीडला घरी आली आहे. तिचा प्रबंध नवजात बालकांमधील जंतुसंसर्गावर आहे. ‘पबमेड’वर तिला हवा तो लेख सापडतो. सारांश मोफत वाचता येतो आणि त्यात औषधाने मृत्यू घटल्याचे म्हटले आहे. पण किती वजनाच्या बाळांना कोणती मात्रा दिली, कोणती बाळे अभ्यासातून वगळली आणि दुष्परिणाम किती जणांत दिसले, हे आतल्या तक्त्यांत असते. दीड किलोपेक्षा कमी वजनाची बाळे त्या अभ्यासात नसतील, तर तिच्या कक्षातील निम्म्या बाळांना तो निष्कर्ष लागूच होणार नाही. सारांशावर विसंबून हे कळत नाही. पूर्ण लेख हवाच.

तिला महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडून तीन गोष्टी लागतात : व्हीपीएनचे सॉफ्टवेअर, त्यात भरायचा सर्व्हरचा पत्ता किंवा तयार फाइल आणि स्वतःच्या नावाचे खाते. कुठे ओपनव्हीपीएन वापरले जाते, कुठे फोर्टीक्लायंट, कुठे सिस्कोचे सॉफ्टवेअर. हे खाते सुट्टीवर जाण्याआधीच मागून घेतलेले बरे, कारण काही संस्था ओळखपत्र पाहून, प्रत्यक्ष अर्ज घेऊनच ते देतात. सॉफ्टवेअर संस्थेने दिलेल्या दुव्यावरूनच उतरवावे. अशाच नावांची बनावट सॉफ्टवेअर इंटरनेटवर असतात.

जोडणी करण्यापूर्वी तिने आपला आयपी पत्ता पाहून ठेवावा. शोधयंत्रात what is my ip एवढे लिहिले की तो दाखवणारी संकेतस्थळे मिळतात. समजा, तो 203.0.113.45 आहे. मग सॉफ्टवेअर उघडून नाव, पासवर्ड आणि मागितल्यास मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा. ‘कनेक्टेड’ असे दिसल्यावर तेच पान पुन्हा उघडावे. आता तिथे महाविद्यालयाचा पत्ता, समजा 198.51.100.20, दिसला तर काम झाले. आधी उघडलेले लेखाचे पान बंद करून ते नव्याने उघडावे. पानाच्या वरच्या भागात बहुधा Access provided by या शब्दांपुढे संस्थेचे नाव दिसते आणि पीडीएफ उतरवता येते. काम संपले की जोडणी तोडावी. ती चालू राहिल्यास त्या संगणकावरील इतर वापरही महाविद्यालयाच्या यंत्रणेतून जात राहतो आणि तिथल्या नोंदींत दिसतो.

‘कनेक्टेड’ दिसूनही लेख उघडत नाही, असे का होते?

तक्रारी सर्वाधिक येतात त्या याच टप्प्यावर. बहुतेकांची उकल आयपी पत्त्याच्या त्या एका तपासणीतून होते.

जोडणीनंतरही पत्ता घरचाच, म्हणजे 203.0.113.45 दिसत असेल, तर व्हीपीएन ‘स्प्लिट टनेल’ पद्धतीने लावलेले असण्याची शक्यता मोठी. महाविद्यालयाची इंटरनेट-क्षमता वाचावी म्हणून संगणक विभाग फक्त आतल्या सर्व्हरकडे जाणारी वाहतूक, म्हणजे हजेरी, निकाल, रुग्णालयाची नोंद-प्रणाली, या कूटबद्ध मार्गाने नेतो. बाकी सर्व मागण्या घरच्या जोडणीवरून थेट बाहेर पडतात. प्रकाशकाचे संकेतस्थळ ‘बाकी’त मोडते. सॉफ्टवेअर जोडलेले असते, हे खरे. पण लेखाची मागणी त्या वाटेने गेलेलीच नसते. विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले तरी काही फरक पडत नाही. संगणक विभागाने प्रकाशकांचे पत्ते व्हीपीएनच्या मार्गात घालायला हवेत किंवा ग्रंथालयाच्या कामासाठी ‘फुल टनेल’चा वेगळा पर्याय द्यायला हवा. ‘व्हीपीएन चालत नाही’ अशा तक्रारीऐवजी ‘जोडणीनंतरही आयपी पत्ता बदलत नाही’ असे कळवले, तर दोष लवकर सापडतो.

दुसरे कारण भारतात विशेष आढळावे असे आहे. आपल्याकडील मोबाइल कंपन्या मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धती वापरतात. तिचे पत्ते लांबलचक, अक्षरे-आकडे आणि दोन बिंदूंच्या चिन्हांनी बनलेले असतात. अनेक संस्थांचे व्हीपीएन मात्र फक्त जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीची वाहतूक वाहून नेते. अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या लॅपटॉपला दोन पत्ते असतात : जुन्या पद्धतीचा महाविद्यालयाचा आणि नव्या पद्धतीचा मोबाइल कंपनीचा. प्रकाशकाचे संकेतस्थळ आयपीव्ही६वर चालत असेल, तर संगणक त्या वाटेने जाणे पसंत करतो आणि लेख बंद राहतो. पत्ता तपासणाऱ्या पानावर दोन पत्ते दिसले आणि त्यांतला लांबलचक पत्ता घरच्या कंपनीचा असला, तर कारण हेच. लॅपटॉपच्या जोडणीतील आयपीव्ही६ तात्पुरते बंद केल्यास मार्ग मोकळा होतो. कायमचा उपाय मात्र पुन्हा संस्थेच्याच हातात असतो.

पत्ता बरोबर महाविद्यालयाचा आहे आणि तरीही पैसे मागितले जातात, अशा वेळी दोन शक्यता उरतात. ब्राउझरने ‘वर्गणी नाही’ असे आधी सांगितलेले पान साठवून ठेवलेले असते; नव्या खासगी विंडोत तेच पान उघडून ही शक्यता तपासता येते. तिथेही अडले, तर बहुधा ते नियतकालिक किंवा त्याचे ते वर्ष करारात नाही. तेव्हा व्हीपीएनशी झगडण्यात अर्थ नसतो. ग्रंथपालाला लेखाचा डीओआय क्रमांक कळवावा. तो दुसऱ्या ग्रंथालयाकडून प्रत मागवू शकतो. अनेक वैद्यकीय लेखांची मोफत प्रत ‘पबमेड सेंट्रल’वरही असते.

महाविद्यालयाकडे व्हीपीएनच नसेल तर?

अनेक लहान संस्थांकडे ते नसते, कारण सर्व्हर चालवायला आणि रात्री बिघडल्यावर बघायला माणूस लागतो. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ ही व्यवस्था आहे. तिच्यात आयपी पत्त्याचा संबंध येत नाही. प्रकाशकाच्या पानावर Access through your institution अशा अर्थाचे बटण असते. त्यातून संस्थेचे नाव निवडले की वाचक प्रकाशकाच्या पानावरून लॉगिनच्या वेगळ्या पानावर जातो. पासवर्ड तिथेच भरला जातो आणि प्रकाशकाला केवळ ‘हा आमचा सदस्य आहे’ एवढा निरोप मिळतो. वाचकाला कोणतेही सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही आणि मोबाइलवरही हे चालते.

त्यासाठी महाविद्यालयाने इन्फेडमध्ये नोंदणी केलेली हवी आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते तयार केलेले हवे. नवी तुकडी आली की शेकडो खाती उघडायची, उत्तीर्ण झालेल्यांची बंद करायची, हे काम सहसा ग्रंथपालाच्या माथी येते. जिथे ते पद मानधनावर किंवा रिकामे आहे, तिथे खाती निघतच नाहीत. देशपातळीवरचा करार झाला तरी विद्यार्थ्याच्या घरापर्यंत तो पोहोचतो की नाही, हे या शेवटच्या टप्प्यावर ठरते.

पासवर्ड मित्राला दिला तर काय बिघडते?

ग्रंथालयाच्या पासवर्डला बँकेच्या पासवर्डइतके कोणी जपत नाही. मात्र त्यामागे कोट्यवधी रुपयांचे साहित्य असते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवले. त्यानुसार त्यांनी प्राध्यापकांना खोटे ईमेल पाठवून त्यांची खाती मिळवली आणि अमेरिकेतील १४४ व इतर देशांतील १७६ विद्यापीठांतून ३१ टेराबाइटहून अधिक साहित्य पळवले. ‘ग्रंथालयाचे खाते संपत आले आहे, पुन्हा लॉगिन करा’ अशा धाटणीचा ईमेल आला तर दुव्यावर न जाता ग्रंथालयाचे पान स्वतः उघडावे, ते यासाठीच.

दुसरा धोका एकगठ्ठा उतरवण्याचा. एखाद्याने आज्ञावली लावून हजारो पीडीएफ ओढायला सुरुवात केली की प्रकाशकाची यंत्रणा तो आयपी पत्ताच बंद करते. पण तो पत्ता एकट्याचा नसून सगळ्या आवाराचा असतो. अमेरिकेतील एमआयटी संस्थेने हे अनुभवले आहे. ॲरन स्वार्ट्झ या तरुण कार्यकर्त्याने ‘जेस्टोर’ या संग्रहातून लाखो लेख उतरवले, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये काही दिवस संपूर्ण एमआयटीसाठी जेस्टोर बंद करण्यात आले होते. स्वार्ट्झवर पुढे खटला भरला गेला आणि तो चालू असतानाच, जानेवारी २०१३ मध्ये त्याने आयुष्य संपवले. ज्ञान बंदिस्त असावे का, हा त्याने उभा केलेला प्रश्न अजून जिवंत आहे. पण उसन्या पत्त्यावरून केलेल्या कृतीची किंमत त्या पत्त्यावरचे सगळेच मोजतात, हेही त्या प्रकरणात दिसले.

आता हा मुद्दा महत्त्वाचा का?

आतापर्यंत ज्यांना घरून लेख मिळत नसे, त्यांच्यातील अनेकांचा मार्ग ‘साय-हब’ हा होता. अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर प्रकाशकांच्या परवानगीविना लेख मोफत मिळत. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हे संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिला. एक दार बंद झाले आहे. दुसरे दार, म्हणजे सरकारने पैसे भरलेले अधिकृत दार, घरून उघडता आले नाही तर विद्यार्थी सारांशावर भागवील किंवा ओळखीतल्या कुणाकडे पीडीएफ मागेल.

त्याचा परिणाम पुढच्या करारावरही होईल. व्हीपीएन किंवा इन्फेडमार्गे उघडलेला प्रत्येक लेख संस्थेच्या वापराच्या आकडेवारीत जमा होतो. समाजमाध्यमांवरील गटात फिरणारी पीडीएफ कुठेच मोजली जात नाही. सध्याच्या करारासाठी मंजूर झालेला निधी २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांचा आहे. त्यानंतर कोणती नियतकालिके ठेवायची आणि किती पैसे मोजायचे, हे ठरवताना वापराचे आकडे समोर असतील. एखाद्या जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयाचा आकडा कमी दिसला, तर ‘तिथे कोणी वाचत नाही’ असा अर्थ काढला जाईल. प्रत्यक्षात तिथले व्हीपीएन स्प्लिट टनेलवर असेल किंवा इन्फेडची खाती कोणी उघडलेली नसतील.

आणखी एक वर्ग या सोयीच्या पूर्ण बाहेर आहे. शिक्षण संपले की विद्यार्थ्याचे खाते बंद होते, कारण करार संस्थेच्या चालू सदस्यांपुरता असतो. बीडची तीच डॉक्टर एमडी होऊन गावात स्वतःचे रुग्णालय काढेल, त्या दिवसापासून तिच्यासाठी ‘लॅन्सेट’मधील सशुल्क लेख पुन्हा तीस-चाळीस डॉलरचे होतील. कमी वजनाची बाळे तिच्याकडे तेव्हाही येतील आणि मात्रेचा तो तक्ता तिला तेव्हाही लागेल. कोणतेही व्हीपीएन तिला तो दाखवू शकणार नाही, कारण उसना घ्यायला तिच्याकडे पत्ताच नसेल.